स्थिर वजन कशाची साक्ष देते?

सल्फेटचे भारात्मक मापन पाठ्यपुस्तकात चार ओळींत उरकते. द्रावणात बेरियम क्लोराइड घालायचे, पांढरा अवक्षेप गाळायचा, तापवायचा, तोलायचा आणि वजनाला 0.4116 ने गुणायचे. क्रुसिबल पुन्हा तापवूनही वजन बदलले नाही की उत्तर पक्के, असे धरले जाते. माझा आक्षेप याच समजुतीवर आहे. स्थिर वजन एवढेच सांगते की क्रुसिबलमधला पदार्थ आता बदलत नाही. तो शुद्ध बेरियम सल्फेट आहे की नाही, हे तराजूला कळत नाही. ते ठरते त्याआधी, बीकरमध्ये आणि बर्नरवर.

एक हिशेब मांडून पाहू. 0.3000 ग्रॅम निर्जल सोडियम सल्फेट घेतले, तर 0.4929 ग्रॅम बेरियम सल्फेट मिळायला हवे. पण अवक्षेप बनताना आजूबाजूचे आयन स्फटिकात अडकतात. सल्फेटचा शंभरावा भाग सोडियम सल्फेटच्याच रूपात अडकला, असे समजू. तो बेरियम क्षारापेक्षा हलका असल्याने वजन सुमारे 1.9 मिलिग्रॅमने कमी भरेल. त्याच वेळी तेवढेच बेरियम क्लोराइड अवक्षेपात शिरले, तर तूट भरून निघेल आणि आकडा बिनचूक येईल. दोन चुकांनी मिळून काढलेले हे बरोबर उत्तर आहे. यावर कोणी म्हणेल, चुका एकमेकींना खोडत असतील तर बिघडले कुठे? बिघडते ते नमुना बदलल्यावर. द्रावणात अमोनियम असेल, तर अडकलेले अमोनियम सल्फेट तापवताना उडून जाते. शंभरावा भाग तसा गेला तर तूट जवळजवळ 5 मिलिग्रॅमची होते, आणि क्लोराइडची आधीची भर तिला पुरत नाही. फेरिक लोह असेल तर त्याचे सल्फेट तापून ऑक्साइड होते. तेव्हा निदान अवक्षेपावर तांबूस झाक दिसते. सोडियम तेवढाही सुगावा लागू देत नाही.

म्हणूनच अवक्षेप कसा पाडला, याला महत्त्व. द्रावण पातळ हवे, हायड्रोक्लोरिक आम्लाने किंचित आम्लधर्मी केलेले हवे, म्हणजे कार्बोनेट किंवा फॉस्फेट बेरियमबरोबर खाली बसत नाही. ते उकळीच्या जवळ तापवून त्यात बेरियम क्लोराइडचे गरम, पातळ द्रावण ढवळत हळूहळू सोडायचे. मग झाकून तासभर किंवा अधिक वाफेच्या तव्यावर ठेवायचे. या डायजेशनच्या काळात बारीक कण विरघळतात आणि तेच द्रव्य मोठ्या कणांवर पुन्हा बसते. कागदातून निसटणारी दुधाळ साय जाऊन लवकर तळाशी बसणारी भुकटी होते, पृष्ठभाग घटतो आणि त्याला चिकटलेली घाणही घटते. मात्र डायजेशनने सगळे शुद्ध होते, हा दावा मला अतिशयोक्त वाटतो. पृष्ठभागावरचे गरम पाण्याने धुतले जाते. गाळलेल्या थेंबाला सिल्व्हर नायट्रेटने गढूळपणा येईनासा झाला की वरचे क्लोराइड गेले, हे खरे. पण स्फटिकाच्या आत कोंडलेले आयन पाण्याच्या आवाक्यात नसतात आणि डायजेशनमध्ये त्यांतले थोडेच सुटतात. इतर अवक्षेप विरघळवून पुन्हा पाडता येतात. बेरियम सल्फेटला सोयीचा द्रावकच नाही. पहिल्या पाच मिनिटांत घाई केली, तर नंतरचा तास ती पुरती भरून काढत नाही.

कागद जाळताना चूक वेगळ्या मार्गाने होते. राखरहित कागद आधी ज्योत लागू न देता मंद आचेवर काळा करायचा, मग मोकळ्या हवेत कोळसा जाळून टाकायचा आणि त्यानंतरच 800 ते 900 अंशांपर्यंत जायचे. झाकण घट्ट ठेवून एकदम आच वाढवली, तर कोळसा सल्फेटमधला ऑक्सिजन ओढून घेतो आणि बेरियम सल्फाइड उरते. 10 मिलिग्रॅम सल्फेटचे असे झाले तर पावणेतीन मिलिग्रॅम वजन जाते. हवा पोचत नसेल, तर हे कमी वजनही स्थिर राहू शकते. उपाय मात्र सोपा आहे. थंड अवक्षेपावर सल्फ्युरिक आम्लाचा एखाददुसरा थेंब टाकून, शिंतोडे न उडवता, जपून पुन्हा तापवायचे. सल्फाइडचे परत सल्फेट होते आणि जादा आम्ल धुराने निघून जाते. त्यानंतर वजन वाढले, तर आधीचा आकडा खोटा होता.

कागदच नको, सिंटर्ड क्रुसिबल वापरा, ही सूचना योग्य आहे. तिने कोळशाचा प्रश्न सुटतो, कोंडलेल्या आयनांचा नाही. आयन क्रोमॅटोग्राफीसारख्या पद्धती वेगवान आहेत, हेही मान्य. पण भारात्मक पद्धत वापरायचीच असेल, तर तिची परीक्षा शुद्ध पाण्यातल्या सोडियम सल्फेटवर घेऊन भागणार नाही. माहीत असलेले सल्फेट नमुन्यातल्याच क्षारांच्या सोबत घालून, तेवढ्याच सावकाशीने अवक्षेप पाडून, तोच कागद जाळून उत्तर किती चुकते ते पाहावे लागेल. अमोनियमच्या खतासाठी ती चूक वेगळी येईल, लोहयुक्त पाण्यासाठी वेगळी.