टिपकागद आणि दोन बोटांचा झूम

भेटवस्तू निवडणं म्हणजे दुसऱ्या माणसाबद्दल एक अंदाज बांधणं, आणि तो अंदाज रंगीत कागदात गुंडाळून त्याच्याच हातात देणं. अंदाज चुकला तर फारसं काही बिघडत नाही. आपल्याकडे चुकलेल्या अंदाजांची सोयही फार पूर्वीपासून आहे. घराघरांत देण्याघेण्याच्या साड्यांचा एक वेगळा गठ्ठा असतो, आणि कुठून आलेली साडी कुठे गेली हे फक्त आईला माहीत असतं. मला जास्त काळजी वाटते ती अंदाज नको इतका बरोबर आला तर काय, याची. समोरच्याने कधी सांगितलंच नाही असं काहीतरी आपल्याला माहीत आहे, हे त्याला आपल्या भेटीतून कळलं तर?

हा प्रश्न माझ्यापुढे एका फोटोमुळे आला. माझी मैत्रीण पुण्यात एका विमा कंपनीच्या ऑफिसात आहे. तिच्या समोरच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्यांची नागपूरला बदली झाली. वयाने तिच्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठे. पहिल्या वर्षी क्लेमची फाइल कशी वाचायची, कुठल्या सहीकडे नीट बघायचं, हे सगळं त्यांनीच तिला शिकवलेलं. ऑफिसची वर्गणी वेगळी निघालीच होती, पण हिला स्वतःकडून काहीतरी द्यायचं होतं. ते जेवायला गेले असताना तिने त्यांच्या टेबलाचा फोटो काढला आणि मला पाठवला. 'त्यांना शाईच्या पेनांची हौस आहे, तुला त्यातलं कळतं. अडीच हजारांचं एखादं चांगलं पेन सुचव.'

फोटोत काय होतं ते आधी सांगतो. बँकांनी फुकट वाटलेले तीन-चार बॉलपेन स्टँडमध्ये. दोन शाईची पेनं मात्र स्टँडमध्ये नव्हती. घडी घातलेल्या रुमालावर आडवी ठेवलेली. कॅमलच्या निळ्या शाईची बाटली, तळाला बोटभर शाई. कंपनीची वार्षिक डायरी उघडी. माउस डाव्या बाजूला, चहाच्या मगचा कानही डावीकडे. खुर्चीला पाठीची उशी बांधलेली. एक फोटोफ्रेम, तिची पाठ आपल्याकडे. आणि कीबोर्डखालून अर्धी बाहेर आलेली गोळ्यांची पट्टी.

सॅम गॉसलिंग नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2002 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. अनोळखी निरीक्षकांना लोकांच्या ऑफिसच्या जागा आणि झोपायच्या खोल्या दाखवायच्या, आणि तिथे राहणारा माणूस कसा असेल ते विचारायचं. त्या माणसाला नव्या गोष्टींची, कल्पनांची ओढ आहे का, हे लोकांनी बऱ्यापैकी ओळखलं. तो मनमिळाऊ आहे का, हे ऑफिसच्या जागेवरून मात्र जवळजवळ कुणालाच ओळखता आलं नाही. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो गॉसलिंगने केलेला एक फरक. काही वस्तू आपण मुद्दाम मांडतो, त्यातून आपल्याबद्दल काही सांगायचं असतं. काही वस्तू निव्वळ वागण्याचा गाळ म्हणून मागे राहतात. मांडलेल्या वस्तूंतही कुणासाठी मांडलं आहे हा प्रश्न उरतोच. समोर येणाऱ्याकडे तोंड केलेली फ्रेम आणि बसणाऱ्याकडे तोंड केलेली फ्रेम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या फोटोतली फ्रेम त्यांनी स्वतःसाठी ठेवली होती.

म्हणजे टेबलावरची प्रत्येक खूण वापरायला मोकळी नाही. रुमालावरची पेनं कुणीही पाहावीत अशी आहेत, त्याबद्दल ते तासभर बोलतील. गोळ्यांची पट्टी झाकायची राहून गेली आहे. पाठीची उशी अधलीमधली. दिसते सगळ्यांना, पण मांडलेली नाही. मैत्रिणीच्या यादीत दुसरा पर्याय होता 'पाठीसाठी मेमरी फोमची भारी उशी', आणि त्यामागे खरी काळजी होती. तरी मी नको म्हटलं. पहिल्या शतकात रोममध्ये सेनेकाने उपकार करण्याच्या रीतीवर एक ग्रंथ लिहिला, त्यात त्याने नेमकं हेच बजावलं आहे: ज्या भेटीत घेणाऱ्याला स्वतःचं वैगुण्य दिसतं ती भेट राहत नाही, अपमान होते. त्याची उदाहरणं म्हणजे दारुड्याला दारू आणि दुखणाइताला औषधं. निरोपाच्या दिवशी पाठीची उशी हातात पडली की माणसाला कळतं, चार वर्षं समोर बसून हिने माझी पाठ पाहिली.

आता पेनाकडे येतो. ज्याला पेनांची हौस आहे त्याला पेन देऊ नये, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण हौस जितकी मुरलेली, तितकी मुख्य हत्याराची निवड खासगी होत जाते. निब बारीक हवी की जाड, पेन वजनाला किती, टोपण मागे लावून लिहायचं की न लावता, बोटं कुठे धरतात, हे सगळं हाताचं असतं आणि फोटोत येत नाही. चुकीचं पेन आलं तर ते वापरवत नाही आणि देणाऱ्यासमोर लपवताही येत नाही. शिवाय अडीच हजार ही रक्कम. लग्नात कुणी किती आहेर केला त्याची वही आपल्या घरांत असते, आणि ती परतफेडीसाठीच असते. बदली होऊन जाणाऱ्या माणसाच्या वहीत आपण एवढी मोठी नोंद का करावी?

हत्याराऐवजी हत्याराची अडचण शोधावी. ती फोटोत होती.

माउस डावीकडे म्हणून माणूस डावखुरा, असं लगेच म्हणता येत नाही. उजवं मनगट दुखणारेही माउस डावीकडे घेतात. फोटो उलटा तर नाही ना, हेही बघावं लागतं. काही फोनचा पुढचा कॅमेरा आरशासारखं चित्र जतन करतो. इथे मॉनिटरवरची अक्षरं सरळ वाचता येत होती. मगचा कान डावीकडे आणि पेनांचा रुमालही कीबोर्डच्या डावीकडे. तीन खुणा एका दिशेला. आणि मुख्य म्हणजे मैत्रिणीने त्यांना रोज लिहिताना पाहिलंच होतं. 'हो, डावखुरेच आहेत,' ती म्हणाली, 'पण त्याचा काय संबंध?'

संबंध असा. देवनागरी डावीकडून उजवीकडे जाते, त्यामुळे डावखुऱ्याचा तळहात बऱ्याचदा नुकत्याच लिहिलेल्या ओल्या अक्षरांवरून सरकतो. बॉलपेनला फारसा फरक पडत नाही, पण शाई फरफटते. डायरीच्या पानावर निळे फरकाटे होते. शिवाय अक्षरांच्या कडा केसाळ झाल्या होत्या, म्हणजे कागदावर शाई फुटत होती. हे बघण्यासाठी मी दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि तिथेच थांबलो. अक्षरांच्या कडा बघायच्या आणि मजकूर वाचायचा नाही, हे ठरवून करावं लागतं. टेबलाजवळून जाणाऱ्या माणसाची नजर डायरीवर पडते. ती झूम करत नाही.

म्हणून मैत्रिणीला एक कसोटी सुचवली. उद्या त्यांनी विचारलं, 'तुला कसं कळलं गं?', तर न अडखळता उत्तर देता येईल का? 'तुमच्या हाताला नेहमी शाई लागलेली असते' हे सांगता येतं. 'तुम्ही जेवायला गेलात तेव्हा मी फोटो काढला आणि कीबोर्डखाली बघितलं' हे सांगता येत नाही. मग तिला सरळ सांगितलं, फोटो काढून टाक, माझ्याकडचा मी काढतो. लागणारं सगळं तुझ्या डोळ्यांनी आधीच पाहिलेलं आहे.

थेट विचारलं का नाही, असं कुणी म्हणेल. विचारून बघा. 'अहो, कशाला उगाच' याखेरीज दुसरं उत्तर या पिढीकडून येणार नाही, आणि आलंच तर ते स्वस्तातलं काहीतरी सांगतील.

राहिला प्रश्न काय द्यायचं. पहिल्यांदा सुचते ती चांगली वही, पण इथे एक पेच आहे. शाईप्रेमी ज्या गुळगुळीत, भारी कागदांची स्तुती करतात त्यांवर शाई फुटत नाही, कारण कागद ती पटकन शोषत नाही. म्हणजे ती वाळायलाही वेळ लागतो. डावखुऱ्याला नेमका तोच कागद छळतो. उलट, झटपट वाळणारी शाई द्यावी तर ती साध्या कागदात लगेच झिरपते आणि जास्तच फुटते. (चित्रकलेची वॉटरप्रूफ शाई तर कुणीही देऊ नये, ती पेनात वाळली की पेन गेलं.) तेव्हा मधला कागद हवा. तो पाकिटावरच्या आकड्यांवरून पुरता कळत नाही, लिहून बघावा लागतो. दुकानात शाईचं पेन घेऊन जायचं, नमुन्याच्या पानावर एक ओळ लिहायची, दहा मोजून तिच्यावरून बोट फिरवायचं. मग कडा बघायच्या, मग पान उलटून बघायचं. बोटाला शाई लागली तर ती वही नको, कडा फुटल्या तरी नको.

आणि दुसरी वस्तू टिपकागद. आजच्या कितीतरी मुलांनी तो हातात धरलेला नसेल. जाडसर, मऊ, सच्छिद्र कागद. ओल्या ओळीवर ठेवून दाबायचा, घासायचा नाही. शाई थोडी फिकी होते, पण फरफटत नाही. डावखुऱ्याला तो तळहाताखाली धरून लिहिता येतं. जुन्या स्टेशनरीच्या दुकानात विचारलं तर कुठल्यातरी खालच्या कप्प्यातून निघतो. मैत्रिणीला तिसऱ्या दुकानात मिळाला. तिने वहीच्या मापाचे दहा तुकडे कापून घेतले. वही आणि टिपकागद मिळून पाचशेच्या आत काम झालं. तिला ते फारच कमी वाटलं. मला त्यातली सर्वांत चांगली गोष्ट ही वाटली की दोन्ही वस्तू वापरून संपतात. शोकेसमध्ये बसून त्या माणसाकडे वर्षानुवर्षं बघत राहत नाहीत.

शेवटी तिने विचारलं, पहिल्या पानावर 'सप्रेम भेट' लिहू का? मी म्हटलं, वहीवर नको. कोऱ्या वहीचं पहिलं पान हौशी माणसाला स्वतः फोडायचं असतं. टिपकागदाच्या एका तुकड्यावर लिही, तुझ्या अक्षरात. आणि शाईनेच लिहायला गेलीस तर ती त्यावर फुटेल, म्हणून पेन्सिलने लिही.