गोळी आणि गोळी घेणारा

ऑक्टोबर २०२२मध्ये पोलंड, नॉर्वे आणि स्वीडनमधल्या कोलोनोस्कोपीच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि एकाच शोधनिबंधातून दोन विरुद्ध मथळे निघाले. पहिला म्हणाला, कोलोनोस्कोपीने मृत्यू टळत नाहीत. दुसरा म्हणाला, ज्यांनी ती खरोखर करून घेतली, त्यांच्यात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने होणारे मृत्यू निम्मे झाले. चाचणीत २८,२२० जणांना तपासणीचं आमंत्रण गेलं, त्यातले ४२ टक्केच आले. सुमारे दुप्पट लोकांना आमंत्रणच गेलं नाही. पहिल्या मथळ्याने आमंत्रण मिळालेल्या सगळ्यांचा हिशेब धरला, म्हणजे ‘इंटेन्शन-टू-ट्रीट’. दुसरा मथळा आलेल्यांच्या बाजूचा, ‘पर-प्रोटोकॉल’ पद्धतीचा. मग नेहमीची जुंपली. एक बाजू म्हणाली, नियम म्हणजे नियम, सगळ्यांनाच मोजा. दुसरी म्हणाली, जे तपासणीला फिरकलेच नाहीत त्यांना धरून तपासणीची परीक्षा कसली? दुसऱ्या बाजूचा प्रश्न मला रास्त वाटतो, तिचं उत्तर नाही. आणि पहिल्या बाजूने एका जुन्या चाचणीतून जो धडा घेतला, तो अर्धाच आहे.

ब्रॅडफर्ड हिल, स्ट्रेप्टोमायसिनची १९४८ची चाचणी, नशिबावर सोपवलेली वाटणी, हा भाग वाचकांना ठाऊक आहे. नशिबाने वाटलेले दोन गट सुरुवातीला सारखे असतात. त्यातून माणसं गाळू लागलात की ते सारखेपण जातं. १९६७मध्ये फ्रान्समधल्या श्वार्ट्झ आणि लेलूश यांनी यात एक भेद आणला. औषध शरीरात काय करतं हा एक प्रश्न, आणि डॉक्टरने ते लिहून देण्याचं धोरण ठेवलं तर काय होतं हा दुसरा. दोघांसाठी चाचणीची आखणी वेगळी लागते, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्या वादाची गुरुकिल्ली तिथेच होती. पण १९८०मध्ये असा एक आकडा आला की हा भेद मागे पडला.

तो आकडा अमेरिकेतल्या ‘कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट’चा. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांना कोलेस्टेरॉल उतरवणारं क्लोफायब्रेट किंवा दिसायला तशीच निष्क्रिय प्लासिबो कॅप्सूल दिली. पाच वर्षांत क्लोफायब्रेटच्या गटात २० टक्के माणसं मेली, प्लासिबोच्या गटात २०.९. म्हणजे फरक नाही. मग कोणी तरी साहजिक प्रश्न विचारला : कॅप्सूल नेमाने घेणाऱ्यांचं काय? ठरलेल्या कॅप्सूलपैकी ८० टक्के किंवा जास्त घेणाऱ्यांत मृत्यू १५ टक्के, चुकवणाऱ्यांत २४.६. औषधाच्या कंपनीला आणखी काय हवं असतं! पण संशोधकांनी तोच तक्ता प्लासिबोसाठीही मांडला. तिथे नेमाने घेणाऱ्यांत १५.१ टक्के आणि चुकवणाऱ्यांत २८.२. ज्या कॅप्सुलीत काहीच नव्हतं, ती नियमित घेणारे जवळजवळ निम्म्याने कमी मेले. वय, रक्तदाब, पूर्वीचे आजार अशा सुरुवातीच्या चाळीस बाबी हिशेबात धरून पाहिलं, तरी दरी बुजेना.

यातून निघालेला पहिला निष्कर्ष बिनतोड आहे. गोळी नेमाने घेणं हा गोळीचा गुण नसतो, माणसाचा असतो. जो गोळी चुकवत नाही तो बहुधा बाकीची पथ्यंही पाळतो. आणि उलट बाजूने, ज्याची तब्येत ढासळू लागते त्याच्या गोळ्या सुटतात. तिथे मरण गोळी सुटल्यामुळे येत नाही, येणाऱ्या मरणामुळे गोळी सुटते. त्यामुळे ‘घेणारे विरुद्ध न घेणारे’ ही तुलना चाचणीच्या पोटात बसलेलं एक निरीक्षण असते, तिला नशिबाच्या वाटणीचं पाठबळ उरत नाही.

दुसरा निष्कर्ष मात्र लोकांनी परस्पर काढला, आणि तो या आकड्यांत नाही. तो असा : नेम पाळण्यातला हा भेद कोणत्याच हिशेबाने दुरुस्त होत नाही, म्हणून सर्वांना धरून काढलेला आकडा हाच औषधाचा खरा परिणाम. चाळीस बाबी धरूनही दरी का राहिली, हे इथे पाहायला हवं. त्या सगळ्या बाबी पहिल्या दिवसाच्या होत्या. गोळ्या मात्र पाच वर्षांच्या वाटेत कुठे तरी सुटतात, आणि बहुतेकदा वाटेतच घडलेल्या एखाद्या कारणाने. तिसऱ्या वर्षी धाप लागू लागली म्हणून कॅप्सूल सोडलेल्या माणसाची धाप पहिल्या दिवसाच्या नोंदीत कशी सापडणार? २०१६मध्ये मरे आणि हर्नान यांनी प्लासिबो गटाची तीच जुनी माहिती पुन्हा घेतली आणि प्रत्येक भेटीला रुग्णाची स्थिती कशी बदलत गेली तेही हिशेबात धरलं. दरी दोन-तीन टक्क्यांच्या घरात आली, इतकी की ती योगायोगानेही पडू शकते. निष्क्रिय कॅप्सुलीचा परिणाम शून्यच असायला हवा, त्यामुळे हिशेबाची याहून चांगली परीक्षा मिळणं कठीण. १९८०चा धडा ‘नेम पाळणाऱ्यांकडे पाहूच नका’ असा नव्हता. ‘फक्त पहिल्या दिवसाच्या नोंदींवर त्यांच्याकडे पाहू नका’ असा होता.

यावर हरकत येईल की असे हिशेब गृहीतकांवर उभे असतात आणि गृहीतकं सोयीने निवडता येतात. सर्वांना धरलेला आकडा निदान सावध तरी असतो. पहिला भाग खरा आहे. सावधपणाचं म्हणाल तर तो प्रश्नावर अवलंबून असतो. नवं औषध जुन्यापेक्षा वाईट नाही एवढंच दाखवायचं असेल आणि दोन्ही गटांतले निम्मे लोक गोळ्याच घेत नसतील, तर दोन्ही औषधं सारखीच दिसतील आणि ढिसाळ चाचणी यशस्वी ठरेल. दुष्परिणामांचंही तसंच, निम्म्यांनी न घेतलेलं औषध निरुपद्रवी भासतं. शिवाय मध्येच नाहीशा झालेल्या रुग्णाचं काय झालं हे ठाऊक नसेल, तर ‘सर्वांना धरलं’ हे म्हणणंसुद्धा गृहीतकावरच उभं असतं.

आता कोलोनोस्कोपीकडे परत. सर्वांना धरून कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचा दहा वर्षांतला धोका ०.३१ टक्क्यांवरून ०.२८वर आला, म्हणजे ०.०३ची घट. पर-प्रोटोकॉल हिशेबात तो ०.३० वरून ०.१५ झाला, घट ०.१५. हा हिशेब संशोधकांनी आलेले आणि न आलेले यांच्यातला फरक शक्य तितका धरून केला होता, नुसती चाळणी लावून नव्हे. तरी कागदावर एक गुणाकार करून पाहा. तपासणीने सर्वांनाच ०.१५चा सारखा लाभ होत असेल आणि ४२ टक्केच आले असतील, तर आमंत्रितांच्या सगळ्या गटात सुमारे ०.०६ची घट दिसायला हवी. दिसली ०.०३. म्हणजे ‘मृत्यू निम्मे’ या आकड्यात तपासणीला आलेल्यांच्या मूळच्या चांगल्या प्रकृतीचाही वाटा असू शकेल. पण हाच गुणाकार कर्करोग होण्याच्या धोक्याला लावला तर काटा उलटा झुकतो : पर-प्रोटोकॉल घट ०.३८, तिचे ४२ टक्के ०.१६, आणि प्रत्यक्षात सर्वांत दिसलेली घट ०.२२. मृत्यूंची संख्या इतकी लहान आहे की दहा वर्षांच्या या आकड्यांवर कोणत्याच बाजूने पैज लावू नये.

या गुणाकारात कोणालाही गटातून गाळलं नाही. वाटणी जशीच्या तशी ठेवली, आणि सारख्या लाभाखेरीज एवढंच मानलं की नुसतं आमंत्रणाचं पत्र कोणाचं आतडं सुधारत नाही. म्हणजे आमंत्रणाच्या परिणामापलीकडे जायला वाटणी मोडावीच लागते असं नाही. ‘ज्यांनी नेमाने घेतलं त्यांना फायदा झाला’ असं वाक्य पुन्हा कुठे वाचलंत, तर त्याच चाचणीत प्लासिबो नेमाने घेणाऱ्यांचं काय झालं तो आकडा शोधा, आणि नसेल छापलेला तर मागा.