मुदत मागताना तारीख द्यावी

आई आजारी आहे म्हणून पीएचडीची मौखिक परीक्षा पुढे ढकला, एवढाच मजकूर असलेला अर्ज वाचणाऱ्याला वाईट वाटते. पण वाईट वाटून त्याला करता काहीच येत नाही, कारण कधीपर्यंत ढकलायची हे अर्जात नसते. मागायची असते ती नवी तारीख. हे एकदा ध्यानात आले की अर्ज कोणाला करायचा, त्याला काय जोडायचे आणि काय वगळायचे हे त्यातूनच उलगडत जाते.

बार्शीचे उदाहरण घेऊ. इथे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे आणि तालुक्याबाहेरूनही रोगी येतात. त्यामुळे किरणोपचार, लोकांच्या बोलण्यात ‘शेक’, हा प्रकार इथल्या घरांना नवा नाही. समजा, इथल्या एका प्राध्यापिकेने सोलापूरच्या विद्यापीठात 10 फेब्रुवारी 2025 रोजी प्रबंध दिला. बाहेरच्या परीक्षकांचे अनुकूल अहवाल आले आणि मौखिकी 17 जूनला ठरली. तेवढ्यात आईचे 25 शेक ठरले, 2 जूनपासून, सोमवार ते शुक्रवार रोज एक. घरात दुसरे माणूस नाही.

कॅलेंडर पुढे घेऊ. आठवड्याला पाच म्हणजे पाच आठवडे, शेवटचा शेक 4 जुलैला, शुक्रवारी. यंत्र बंद पडले किंवा रक्ताची तपासणी बिघडली तर दोनचार दिवस इकडेतिकडे. शिवाय शेक संपला म्हणून त्रास संपत नाही. थकवा आणि कातडीची आग शेवटी शेवटी वाढते आणि पुढेही आठवडादोन आठवडे रेंगाळू शकते. त्यात 6 जुलैला आषाढी, पंढरपूरच्या वाटेवरच्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. म्हणून मागायची तारीख 7 जुलै नव्हे; 15 ते 18 जुलैमधली कोणतीही.

दुसरी बाजूही मोजायची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022च्या नियमांनुसार प्रबंध दिल्यापासून मौखिकीच्या निकालापर्यंतचे सगळे काम सहा महिन्यांत उरकण्याची व्यवस्था विद्यापीठाने करायची असते. इथे ती कड 10 ऑगस्ट. जुलैच्या मध्यावर मौखिकी झाली तर निकालाच्या कागदांना तीनेक आठवडे उरतात. हा हिशेब अर्जातच लिहिला तर टेबलावरच्या माणसाची निम्मी शंका फिटते. ही मुदत विद्यापीठाला बांधते, विद्यार्थ्याला नव्हे. पण फाईल अडते ती तिथेच.

अर्ज परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांच्या नावे, मार्गदर्शकांमार्फत, त्यांच्या शिफारशीसह जातो. बाहेरच्या परीक्षकांना विद्यार्थिनीने परस्पर फोन करू नये. ते आपल्याला तपासायला येणार आहेत. त्यांच्याशी खासगी बोलणे झाले की उद्या कोणी बोट दाखवू शकते. त्यांना कळवायचे काम मार्गदर्शकांचे आणि विद्यापीठाचे. त्यांचे तिकीट काढून झालेले असते, मौखिकी खुली असल्याने सूचनाही लागलेली असते. म्हणून शेकाची तारीख हातात पडली त्याच दिवशी अर्ज गेला पाहिजे. आदल्या दिवशीचा अर्ज खरा असला तरी बहाण्यासारखा दिसतो.

मजकूर इतकाच पुरे: “माझ्या आईवर 2 जून ते 4 जुलै या काळात रोज किरणोपचार होणार आहेत व सोबतीला मी एकटीच आहे. 17 जूनची मौखिकी 15 ते 18 जुलै या काळात घ्यावी, ही विनंती. प्रबंध 10 फेब्रुवारीला सादर केला आहे. सहा महिन्यांची मुदत 10 ऑगस्टला पुरी होते. उपचारांच्या वेळापत्रकाची प्रत जोडली आहे.” जोडायचे ते एक पान. बायोप्सीचा अहवाल, आईचे फोटो, अख्खी फाईल कशाला? आईचा आजार हा आईचा आहे. तो किती खात्यांतून फिरावा याला मर्यादा हवी.

पक्षाघात झाला, घरचे माणूस अतिदक्षता विभागात आहे, तर मात्र डॉक्टरही तारीख देत नाहीत. अशा वेळी अंदाजाची तारीख ठोकून देऊ नये, ती हुकली की दुसरा अर्ज करावा लागतो आणि तो पहिल्यापेक्षा जड जातो. तेव्हा मौखिकीऐवजी कळवण्याची तारीख द्यावी: “पंधरा दिवसांनी, अमुक तारखेला, परिस्थिती लेखी कळवते.” आणि त्या दिवशी खरेच कळवावे, सांगण्यासारखे काही नसले तरी.

कोणी म्हणेल, ऑनलाइन घ्या की. 2020च्या टाळेबंदीत आयोगाने व्हिडिओवरून मौखिकीला मोकळीक दिली, तेव्हापासून हा पर्याय सगळ्यांना सुचतो. सोलापूरचे सत्तरेक किलोमीटर वाचतात हे खरे. पण शेकाची वेळ रोज सारखी असेलच असे नाही, आणि आत आई उलटी करत असताना बाहेरच्या खोलीत लॅपटॉपसमोर नमुनानिवडीची बाजू मांडायची, हे जमेल की नाही ते तिनेच ठरवायचे. जमणार असेल तर अर्जात दुसरा पर्याय म्हणून लिहावे. नसेल तर लिहू नये. कारण लिहिले की तोच आधी मंजूर होण्याची शक्यता असते.