ब्रेक आणि शेरा

सरकारी नोकरीत वर्षाकाठी एक कागद असा येतो, की ज्याच्यासमोर वयस्क मनुष्यही शाळकरी पोर होतो. तो म्हणजे आपल्या कामाविषयीचा वार्षिक अहवाल. पूर्वी हा अहवाल गोपनीय असे, आणि प्रतिकूल शेरा असला तरच तो संबंधितास कळवीत. ‘चांगला’ हा शेरा कोणी प्रतिकूल मानीत नसे. परंतु बढतीसाठी ‘अतिशय चांगला’ लागत असेल, तर त्या ‘चांगल्या’नेच मनुष्य मागे राही आणि का राहिला हे त्यास कळतही नसे. २००८ साली ‘देव दत्त विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की शेरा बरा असो वा वाईट, तो ज्याच्याविषयी लिहिला त्यास दाखविलाच पाहिजे, म्हणजे त्यास आपले म्हणणे मांडता येईल. पुढच्याच वर्षी सरकारने संपूर्ण अहवाल दाखविण्याचा आदेश काढला. आता अहवाल हाती पडल्यापासून पंधरा दिवसांत आपले निवेदन देता येते.

हे सारे आठवण्याचे कारण कचेरीतले नाही. गेल्या महिन्यात आमच्याविषयी एक शेरा लिहिला गेला तो आमच्याच खिशातील फोनने. मोटारीच्या विम्याच्या नूतनीकरणाची सूचना आली, तीत लिहिले होते: वाहनचालन गुण १०० पैकी ५८, सवलतीस अपात्र, कारण, वारंवार करकचून ब्रेक लावणे.

दिल्लीत सरकारी वसाहतीत राहणारे आम्ही लहानशी मोटार बाळगून आहो. २०२२ च्या जुलैत विमा नियामक प्राधिकरणाने विमा कंपन्यांना परवानगी दिली, की मालकाने गाडी किती चालविली व कशी चालविली हे पाहून स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता ठरविता येईल. दुसऱ्याच्या हानीचा जो सक्तीचा विमा असतो, त्याचा दर सरकार ठरविते. त्यास या गुणांचा स्पर्श होत नाही. आमच्या बाबतीत प्रश्न केवळ पाचशेवीस रुपयांच्या सवलतीचा होता. सत्तर गुण मिळते तर ती मिळाली असती. एवढ्यासाठी पत्र लिहावे काय, असे आमच्या मनात प्रथम आले. परंतु ‘बेदरकार’ या अर्थाचा शब्द आपल्या नावापुढे कोणी लिहावा आणि आपण तो रुपयांत मोजून सोडून द्यावा, हे काही मनास पटेना.

तेव्हा आम्ही आधी हे यंत्र ब्रेक ओळखते कसे, ते समजून घेतले. फोनला ब्रेकचा पाय दिसत नाही. त्याच्या पोटात अ‍ॅक्सेलरोमीटर नावाचा एक सूक्ष्म संवेदक असतो. तो तीन दिशांनी बसणारे धक्के मोजतो. त्याच्या जोडीस उपग्रहांवरून साधारणतः दर सेकंदास एकदा गाडीची जागा व वेग कळतो. पुढच्या दिशेचा वेग एकाएकी घटल्याचा धक्का ठराविक मर्यादेपलीकडे गेला, की ‘करकचून ब्रेक’ अशी नोंद होते. ही मर्यादा बहुधा गुरुत्वाकर्षणाच्या एकतृतीयांशापासून निम्म्यापर्यंत कोठेतरी ठेवतात. आमच्या कंपनीने ती कोठे ठेविली आहे, हे कागदपत्रांत कोठेही दिलेले नव्हते. म्हणजे परीक्षा झाली, निकाल लागला, पण उत्तीर्ण होण्याची अट मात्र गुप्तच.

अ‍ॅपमध्ये त्या महिन्याच्या पाच नोंदी होत्या, प्रत्येकीपुढे वेळ, नकाशावरील ठिपका आणि त्या आधीचा व नंतरचा वेग. आम्ही त्या कचेरीच्या शिरस्त्याप्रमाणे एकेक करून तपासल्या. पहिल्या तिन्ही ठिपके एकाच जागी होते: वसाहतीच्या फाटकाजवळचा गतिरोधक. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३·७ मीटर रुंद, म्हणजे चांगला पसरट, असावयास हवा. आमच्या फाटकाजवळचा मात्र पाऊलभर रुंदीचा उभट उंचवटा आहे. त्यावरून कितीही हळू गेले तरी गाडी गचका खातेच. आमचा फोन काचेजवळच्या पकडीत तिरका, सुमारे तीस अंशांनी कललेला असतो. यंत्राने त्याचा कल बरोबर हिशेबात धरला नाही, तर खालून वर बसलेल्या धक्क्याचा निम्मा भाग त्यास पुढून बसल्यासारखा भासतो. गाडी उसळते, आणि यंत्र समजते की गाडी थांबली.

हा तर्कच होता. त्यास पुरावा हवा. एका रविवारी सकाळी धक्क्यांचा आलेख काढणारे दुसरे एक साधे अ‍ॅप फोनमध्ये घालून, फोन त्याच पकडीत ठेवून, आम्ही ब्रेकला पाय न लावता ताशी पंधरा किलोमीटरच्या वेगाने चार वेळा तो गतिरोधक ओलांडला. चारही वेळा आलेखात गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्याएवढे टोक उमटले आणि सेकंदाच्या पाचव्या भागात मावळले. आता हिशेब पाहा. एवढ्या जोराचा खरा ब्रेक सेकंदाच्या पाचव्या भागापुरता लागला, तर गाडीचा वेग ताशी जेमतेम साडेतीन किलोमीटरने घटेल. तितक्याच जोराने ताशी चाळीसवरून गाडी उभी करावयाची, तर सव्वादोन सेकंद आणि साडेबारा मीटर रस्ता लागतो. खरा ब्रेक म्हणजे काही काळ टिकणारा जोर. गचका म्हणजे टोक आणि लगेच पोकळी. कंपनीच्या स्वतःच्या नोंदीत त्या तिन्ही वेळी आधीचा वेग सोळाच्या आसपास आणि नंतरचा चौदा होता. करकचून ब्रेक लावला, आणि वेग दोनाने घटला! आमचा साक्षीदार त्यांच्याच दप्तरात बसलेला होता.

चौथी नोंद खरी होती. सायंकाळी वसाहतीच्या आतल्या रस्त्यावर चेंडूमागे एक पोर धावत आले आणि आम्ही सर्व बळाने ब्रेक दाबला. गाडी त्याच्यापासून दोन हातांवर थांबली. पाचवीही खरी होती, आणि तीत कसलेही पोर नव्हते. कचेरीस उशीर झाला होता, पुढील बसच्या मागे आम्ही फारच जवळून चाललो होतो, बस थांबली आणि आमची त्रेधा उडाली. दोष सर्वस्वी आमचा.

येथे पत्राचा प्रश्न नीतीचा प्रश्न झाला. पाचांपैकी तीन नोंदी उघड चुकीच्या. तेव्हा ‘आपले यंत्र सदोष असल्याने सर्व नोंदी अमान्य’ असे एका वाक्यात लिहिले असते तर ते चालून गेले असते. परंतु ज्या पत्राचा सारा भार ‘तुम्ही आमच्याविषयी खोटे लिहिले’ यावर आहे, त्यात आपणच सोयीची गोळाबेरीज करावी, हे कसे शोभेल? आम्ही पाचवी नोंद मान्य असल्याचे लिहिले. चौथीविषयी लिहिले, की ब्रेक खरा, पण त्यास दोष म्हणणे खोटे; तो न लागता तर आपणांस नुकसानभरपाईचा दावा आला असता.

मसुदा सौ.ला वाचून दाखविला. तिने एकच विचारले, “अहो, पण त्या पिवळ्या दिव्याचं काय?”

त्या गोष्टीचा मसुद्यात उल्लेख नव्हता. गुण घसरत चाललेले अ‍ॅपमध्ये दिसू लागल्यानंतरची ती गोष्ट. रिंग रोडवर चौकाजवळ येताना दिवा पिवळा झाला. थांबण्यास अंतर पुरेसे होते, जरा जोराने ब्रेक लावावा लागला असता इतकेच. त्या क्षणी आमच्या मनात रस्ता आला नाही, चौक आला नाही, गुण आले. पाय ब्रेकवरून उचलला गेला आणि दुसरीकडे दाबला गेला. आम्ही चौकात असतानाच दिवा लाल झाला. पलीकडून रस्ता ओलांडू पाहणारे एक वृद्ध जोडपे पाऊल मागे घेऊन उभे राहिले. सौ. शेजारी बसली होती. घरी येईतो ती बोलली नाही. त्या फेरीस अ‍ॅपने शंभरपैकी शंभर गुण दिले.

आम्ही म्हणालो, “ते त्यांनी कोठे विचारले आहे?”

“त्यांनी नाही विचारलं. मी विचारते आहे.”

रात्री उशिरापर्यंत आम्ही विचार करीत होतो. ब्रेक हे बेदरकारपणाचे चिन्ह आहे, हे सरासरीने खरे असेलही; जो वारंवार करकचून थांबतो तो बहुधा दूरवर पाहत नसतो. पण चिन्ह म्हणजे ती गोष्ट नव्हे. आणि चिन्हालाच गुण मिळू लागले, की मनुष्य सावध होण्याऐवजी चिन्ह टाळण्यास शिकतो. आम्ही तसेच शिकलो होतो, आणि तेही आठवड्याभरात. गतिरोधकाचे खोटे शेरे हा यंत्राचा प्रमाद. तो सुधारता येईल. परंतु ज्या शेऱ्यामुळे मनुष्याचा पाय ब्रेकवरून उचलला जातो, तो अचूक असला तरी त्याचे काय करावे? दोष मात्र यंत्रावर ढकलून आम्हांस मोकळे होता येत नव्हते. पाय आमचाच होता.

शेवटी पत्रात सहावा परिच्छेद घातला: ‘अमुक दिनांकास, अमुक चौकात, ब्रेक टाळण्यासाठी आम्ही दिवा ओलांडला. ही आमची चूक आहे. आपल्या नोंदीत त्या फेरीस पूर्ण गुण आहेत, हे आपल्या निदर्शनास आणीत आहो.’ त्याखाली चार मागण्या मांडल्या: गतिरोधकाच्या तीन नोंदी रद्द कराव्या, ब्रेकची मर्यादा कळवावी, त्या वेळांच्या वेगाच्या व धक्क्यांच्या मूळ नोंदी द्याव्या, आणि गुण कापण्यापूर्वी चालकास आपले म्हणणे मांडू द्यावे. सोबत आलेख आणि गतिरोधकाचे छायाचित्र जोडून पत्र तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावे पाठविले आणि पोच जपून ठेविली. एका महिन्यात उत्तर आले नाही वा समाधानकारक आले नाही, तर विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत विनाशुल्क जाता येते; हप्त्याविषयीचे वादही त्यांच्या कक्षेत येतात. तेथे तारीख सिद्ध करावयाची तर पोच हवी.

उत्तर अठराव्या दिवशी आले. तीन नोंदी रद्द झाल्या. गुण अडुसष्ट झाले, सत्तरास दोन कमी. मर्यादा ‘व्यावसायिक गोपनीयते’स्तव सांगता येत नाही. चौथ्या नोंदीविषयी लिहिले होते, की ब्रेक का लावला हे प्रणालीस कळण्याचा मार्ग नाही, सबब नोंद कायम. पिवळ्या दिव्याविषयी अक्षरही नव्हते.

‘कळण्याचा मार्ग नाही’ हे त्यांचे म्हणणे आम्हांस प्रामाणिक वाटते. परंतु ज्यास कारण कळत नाही त्याने ‘गाडी जोराने थांबली’ एवढेच लिहावे; ‘चालक वाईट’ असे लिहू नये. पहिले मोजमाप आहे, दुसरा न्याय. आणि न्याय करावयाचा तर ऐकून घ्यावे लागते. एवढाच मुद्दा घेऊन आम्ही लोकपालाकडे अर्ज केला आहे. दोन गुण तेथे मिळतील न मिळतील.

ते पोर अजून त्याच रस्त्यावर खेळते. काल पुन्हा चेंडू गाडीपुढे आला, तेव्हा आमचा पाय ब्रेकवर क्षणभरही घुटमळला नाही. फोनने नोंद केली की नाही, ते आम्ही पाहिलेले नाही.