चढला तेव्हा बाजार नव्हता का?

२०२५च्या मार्चमध्ये मामा आमच्याकडे आला होता. चहा झाल्यावर त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. निवृत्तीच्या पैशांतले सहा लाख त्याने सप्टेंबर २०२४च्या शेवटी, माझ्या सांगण्यावरून, एका म्युच्युअल फंडात टाकले होते. फेब्रुवारीअखेर त्याचे पाच लाखांच्या किंचित खाली आले होते. मी म्हणाले, “मामा, बाजारच पडलाय रे.” तो शांतपणे म्हणाला, “असेल. पण तू मला चढलेला आकडा दाखवलास, तेव्हा बाजार नव्हता का?”

मला उत्तर देता आलं नाही. ते शोधायला मी त्या रात्री बसले.

मी मामाला दाखवलेला आकडा ८३ टक्क्यांचा होता. एप्रिल २०२० ते मार्च २०२१ या वर्षात त्या फंडाने तेवढा परतावा दिला होता. माझे थोडे पैसे त्यात होते आणि फंड मीच निवडला होता, म्हणून मला त्याचा अभिमानही होता. मॅनेजर हुशार आहे आणि त्याला ओळखणारी मीही हुशार, असा एकूण सूर.

आता ते वर्ष आठवा. कोविडच्या धक्क्याने निफ्टी मार्च २०२०च्या शेवटी ८,६००च्या आसपास होता. वर्षभरात तो १४,७००च्या जवळ पोचला. लाभांश धरून हे सुमारे ७२ टक्के होतात. म्हणजे ज्याने काहीही न निवडता नुसता निफ्टीचा इंडेक्स फंड घेतला, त्यालाही जवळजवळ एवढे मिळाले. मग मॅनेजरचं कर्तृत्व किती? वरचे ११ टक्के?

तेही नाही. काही फंड बाजारापेक्षा जास्त हेलकावतात. बाजार बँकेच्या व्याजासारख्या बिनजोखमीच्या परताव्यापेक्षा एक टक्का वर गेला की फंड सरासरी किती वर जातो, त्या आकड्याला बीटा म्हणतात. बीटा १ म्हणजे बाजाराच्या बरोबरीने, १.२ म्हणजे वीस टक्के जास्त जोराने, वर जातानाही आणि खाली येतानाही. बाजार आणि बीटा धरल्यावर जो परतावा यायलाच हवा होता, त्याच्या वर जे उरतं ते अल्फा.

बीटा काढायला फार काही लागत नाही. साठ महिन्यांचे फंडाचे परतावे एका रकान्यात, निफ्टीचे लाभांशासह दुसऱ्यात. दोन्हींतून त्या महिन्याचा ट्रेझरी बिलाचा दर वजा करायचा, आणि शीटमध्ये लिहायचं:

```
=SLOPE(C2:C61,B2:B61)
=INTERCEPT(C2:C61,B2:B61)
```

C मध्ये फंड, B मध्ये निफ्टी. पहिलं उत्तर बीटा, दुसरं दर महिन्याचा अल्फा. आमच्या फंडाचा बीटा १.२ निघाला.

आता तेच वर्ष पुन्हा मांडू. बिनजोखमीचा दर ३ टक्के धरला, तर बाजाराने त्याच्यावर ६९ टक्के दिले. त्याच्या १.२ पट म्हणजे सुमारे ८३, त्यात ते ३ मिळवले की ८६. एवढी जोखीम घेतल्यावर ८६ मिळायला हवे होते, मिळाले ८३. अल्फा उणे ३. माझ्या अभिमानाचं वर्ष प्रत्यक्षात मॅनेजरचं तोट्याचं वर्ष होतं. भरतीने होडी उचलली होती आणि मी नावाड्याच्या नावाने टाळ्या वाजवत होते.

मला वाटलं, सापडला चोर. पण मग प्रामाणिकपणे मामाचे पाच महिनेही त्याच पट्टीने मोजायला हवे होते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी निफ्टी सुमारे १४ टक्के पडला. त्या काळातलं बिनजोखमीचं व्याज साधारण २.७ टक्के, म्हणजे बाजार त्याच्या १६.७ टक्के खाली राहिला. त्याच्या १.२ पट २०. त्यातून ते २.७ परत मिळवले की अपेक्षित घट १७.३ टक्के. फंड पडला १७. अल्फा जवळपास शून्य.

म्हणजे मामाच्या एक लाखाच्या नुकसानीत मॅनेजरचा दोष मला दाखवता येत नव्हता. २०२१चं श्रेय त्याच्याकडून काढून घ्यायचं आणि २०२५चा ठपका मात्र त्याच्यावर ठेवायचा, हे चालणार नाही. बीटाची हीच गोष्ट मला नैतिकदृष्ट्या महत्त्वाची वाटते. चढताना ‘माझं कौशल्य’ आणि पडताना ‘बाजार’ ही सोय तो कुणालाच देत नाही. मॅनेजरला नाही, आणि त्याच्यावर रागावलेल्या गुंतवणूकदारालाही नाही.

पण अल्फा हाती लागला की न्याय झाला, असंही नाही. पहिली अडचण पट्टीची. आमच्या फंडात लहान कंपन्या बऱ्याच असत्या, तर निफ्टीशी तुलना करून फसवा अल्फा दिसला असता. कारण त्याच वर्षी लहान कंपन्यांचा निर्देशांक दुपटीहून जास्त झाला होता. आपल्याकडे फेब्रुवारी २०१८पर्यंत फंडांना लाभांश न धरलेल्या निर्देशांकाशी तुलना करता येत होती. फंडाला मात्र लाभांश मिळतच होता. तेवढा फरक आपोआप कौशल्याच्या खात्यात जायचा. सेबीने नियम बदलला आणि ते थांबलं.

दुसरी अडचण नशिबाची. समजा एखाद्या मॅनेजरकडे खरंच वर्षाला २ टक्के अल्फा आहे. पण त्याचा फंड दर वर्षी, बाजार बाजूला काढल्यावरही, साधारण ६ टक्के इकडेतिकडे होतो. हा गोंधळ वर्षांच्या वर्गमुळाने कमी होतो. ३६ वर्षांनी तो ६ भागिले ६, म्हणजे १ टक्का उरतो, आणि २ टक्के त्याच्या दुप्पट म्हणून जरा विश्वासाने दिसतात. छत्तीस वर्षं! कौशल्य सिद्ध होईपर्यंत माणूसच निवृत्त होतो. तीन वर्षांच्या तारांकित फंडाबद्दल आपण किती ठामपणे बोलतो, ते आठवून मला ओशाळायला झालं.

मायकेल जेन्सनने १९६८ साली ११५ अमेरिकन फंडांची १९४५ ते १९६४ची कामगिरी अशीच तपासली. खर्च वजा केल्यावर सरासरी अल्फा वर्षाला उणे १.१ टक्का निघाला. म्हणजे त्या लोकांना काही कळत नव्हतं असं नाही. त्यांना जे कळत होतं, त्याची किंमत त्यांच्या शुल्कापेक्षा सरासरीने कमी होती, एवढंच.

शुल्काचा प्रश्न इथेच येतो. बाजाराची चाल इंडेक्स फंडात अगदी स्वस्तात मिळते. जास्तीचे पैसे द्यायचे तर ते अल्फासाठी. एजंटमार्फत घेतलेल्या फंडाला वर्षाला दीड-दोन टक्के देत असू, तर आपण नेमकं काय विकत घेतोय हे विचारायला हवं. मी विचारलं नव्हतं.

आणि मामालाही सांगितलं नव्हतं. दोष शोधत फिरल्यावर तो शेवटी माझ्याच दारात आला. मी खोटं काही बोलले नव्हते, ८३ हा आकडा खराच होता. पण बीटा मी अल्फा म्हणून सांगितला. ‘हा फंड बाजारापेक्षा जोराने पडेल’ हे वाक्य त्या ८३ टक्क्यांच्या आतच होतं. बासष्ट वर्षांच्या माणसासाठी तेच वाक्य सगळ्यात महत्त्वाचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी मामाला फोन केला. १.२ म्हणजे काय ते सांगितलं, आणि चढला तेव्हाही बाजारच होता हेही. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “म्हणजे तो हुशारही नव्हता आणि मूर्खही नव्हता.”

“हो.”

“आणि तू?”

मी म्हणाले, “मी शीट उघडली नव्हती, मामा.”

दोन-तीन वर्षांत लागणारे पैसे त्याने नंतर एफडीत हलवले. बाकीचे आहेत तिथेच आहेत. ते वाढले, तर या वेळी मी त्याला आधी निफ्टी किती वाढला ते सांगणार आहे.