चष्म्यामागचे डोळे

काकांचा एकट्याचा चांगला फोटो घरात नाही. म्हणून मावशीने 1994 सालच्या एका लग्नातला ग्रुप फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि सांगितलं, "कोपऱ्यातली तारीख काढ, खांद्यावरचा तो हात काढ, चष्म्यावरची चमक काढ आणि धूसरपणा काढ. मग मोठा करून भिंतीवर लावू." तिला ही चारही कामं सारखीच वाटत होती. ती तशी नाहीत, आणि फरक नेमका कुठे आहे हे तिला नीट कळायला हवं होतं, कारण प्रश्न काकांच्या चेहऱ्याचा होता.

तारखेचे नारिंगी आकडे काकांच्या पांढऱ्या सदऱ्यावर उमटलेत. त्यांच्याखालचा सदरा आपल्याला दिसत नाही, पण आजूबाजूचा दिसतो. तोच पोत तिथे भरला की काम होतं. खांद्यावरचा हात याहून अवघड आहे. त्याच्यामागचा खांदा कॅमेऱ्याने कधी पाहिलाच नाही, त्यामुळे तो रंगवावा लागतो. तरी खांद्याची रेघ बोटभर इकडेतिकडे झाली म्हणून काका वेगळे दिसत नाहीत. या दोन्ही ठिकाणी आपण अंदाजच करतो, फक्त तो चुकला तरी कुणाचं काही बिघडत नाही.

चष्म्यापाशी गोष्ट बदलते. फ्लॅशचा उजेड काचेवरून परतला आणि तेवढी जागा पूर्ण पांढरी झाली. डोळा त्या पांढऱ्याखाली दडलेला नाही. तिथे फक्त पांढरा रंग नोंदला गेला आहे. चमक पुसून डोळा काढला, तर तो काकांचा असेलच असं नाही.

धूसरपणा समजावताना मी मावशीला चेहरा मोजून दाखवला. अल्बमच्या पानाचा मोबाइलवर काढलेला हा फोटो, व्हॉट्सअ‍ॅपने आणखी लहान केलेला, सोळाशे पिक्सेल रुंद होता. तीसेक माणसांच्या गर्दीत काकांच्या चेहऱ्याच्या वाट्याला जेमतेम चाळीस पिक्सेल आले होते. एका डोळ्याला आठ. त्यात जेपेग फाइल चित्राचे आठ बाय आठचे चौकोन करून प्रत्येकातला बारीक तपशील कमी करते, म्हणजे एक अख्खा डोळा अशा एखाद्या चौकोनात मावतो.

फोटो लहान होतो तेव्हा ढोबळमानाने शेजारच्या ठिपक्यांची सरासरी घेतली जाते. 40, 200, 60 आणि 180 यांची सरासरी 120. पण 110, 130, 120, 120 यांचीही तीच. आता हातात फक्त 120 असेल, तर मूळ चार आकडे कोणते होते? पहिल्या चारांत पापणीची काळी रेघ असू शकते, दुसऱ्या चारांत नुसता गाल. कितीही हुशार माणूस किंवा यंत्र आणलं, तरी 120 हे उत्तर देणाऱ्या असंख्य चौकड्यांतून खरी कोणती हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही.

"मग फोटो सुधारणाऱ्या अ‍ॅपमध्ये चेहरे इतके स्वच्छ कसे होतात?" मावशीची शंका रास्त होती. ती अ‍ॅप हजारो इतर चेहरे पाहून शिकलेली असतात आणि या ठिपक्यांत बसेल असा एक चेहरा तयार करतात. 2020 मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात तयार झालेल्या 'पल्स' या प्रणालीला बराक ओबामांचा खूप लहान, ठिपक्याठिपक्यांचा फोटो दिला गेला. तिने एका गोऱ्या माणसाचा सुस्पष्ट चेहरा काढून दिला. तो चेहरा लहान केला की दिलेल्या ठिपक्यांशी जुळावा, अशीच तिची रचना होती. चेहरा जुळला, माणूस मात्र दुसराच निघाला.

काकांच्या बाबतीत मला हे नको होतं. अनोळखी माणसाला ते चित्र उत्तम वाटेल, पण त्यांच्यासोबत संसार केलेल्या बाईला रोज भिंतीवर कुणा दुसऱ्याचे डोळे पाहावे लागतील. काही वर्षांनी नातवंडं तेच खरे आजोबा समजतील, हे मला अधिक वाईट वाटतं.

धूसर फोटोवर खरा इलाज म्हणजे त्याच्या आधीचा फोटो शोधणं. मावशीकडे अल्बममधली चार बाय सहा इंचांची मूळ प्रिंट होती. प्लॅस्टिकच्या पानातून ती अलगद काढून 600 डीपीआयवर स्कॅन केली आणि फाइल व्हॉट्सअ‍ॅपवरून डॉक्युमेंट म्हणून मागवली, म्हणजे ती वाटेत लहान होत नाही. प्रिंटवर काकांचा चेहरा सुमारे पाच मिलिमीटरचा आहे. स्कॅनमध्ये त्याला 118 पिक्सेल मिळाले. भुवईखालचा तीळ आता ओळखू येतो. निगेटिव्ह सापडली तर आणखीही मिळेल. ती ज्यांच्या घरचं लग्न होतं त्यांच्याकडे असावी, मावशी विचारणार आहे.

तोवर तारीख आणि हात काढून पोस्टकार्डाएवढी प्रिंट केली आहे. त्यात चेहरा दोन सेंटिमीटरचा येतो, त्याहून मोठा केला की फुटतो. डाव्या काचेवरची चमक मी तशीच ठेवली आहे, आणि मावशीला ते मान्य आहे.