टेक्निशियनला कशाला नावं ठेवतोस?

‘सर, टेक्निशियन अगदीच बोगस निघाला, पैसे घेऊन गेला आणि मशीन तसंच,’ असं तू सकाळी सकाळी फोनवर ऐकवलंस. आता माझं ऐक. हिंजवडीतल्या तुझ्या कंपनीत ग्राहकाने ‘अ‍ॅप चालत नाही’ एवढंच लिहिलं, म्हणून परवाच माझ्यासमोर बसून त्याच्या नावाने बोटं मोडत होतास ना? मग स्वतः तक्रार नोंदवताना काय सांगितलंस? ‘एलजीची पांढरी मशीन, सात किलोची, LE दाखवतेय.’ पांढरी! रंग विचारला होता कोणी?

मी मॉडेलच्या पाटीचा फोटो मागितला, तर तू वीजबचतीच्या ताऱ्यांचं लेबल पाठवलंस. त्यावर मॉडेलचं नाव असतं, सिरियल नंबर नसतो. पाटी वेगळी. फ्रंट लोड मशीनला ती दाराच्या आतल्या कडेला किंवा मागच्या पत्र्यावर असते. त्यावरचं मॉडेल शेवटच्या अक्षरापर्यंत उतरवायचं, कारण एकाच नावाच्या मशीनमध्ये पुढे सर्किट बोर्ड बदललेला असू शकतो. सिरियल नंबरही पूर्ण घ्यायचा. एलजीच्या सिरियलचा पहिला अंक वर्षाचा शेवटचा आकडा असतो आणि पुढचे दोन महिना. 305 ने सुरुवात असली तर मे 2023, किंवा मशीन जुनी असली तर मे 2013. वॉरंटीचं बिल शोधत बसण्याआधी एवढं तरी कळतं.

आता त्या LE कडे वळू. एलजीमध्ये LE म्हणजे मोटर अडकली किंवा फिरत नाही. ते ऐकून तो बिचारा मोटरचा हॉल सेन्सर घेऊन आला. ड्रम हाताने मोकळा फिरतोय, मोटरही ठीक. मग तो काय करणार? व्हिजिट चार्ज घेऊन गेला, बरोबरच केलं त्याने. मी आईंना फोन दे म्हणालो, तर त्या एका वाक्यात म्हणाल्या, ‘अहो, ती पाणीच घेत नाही.’ घरातल्या माणसाला विचारायची तसदी तू घेतली नाहीस! स्क्रीनवर LE नव्हतंच, IE होतं. त्या डिस्प्लेवर अक्षरं सरळ रेघांची असतात. L ला खाली आडवी रेघ असते, I ला नसते. म्हणून बघून बोलायचं नाही, फोटो काढायचा. तोही मशीन बंद करण्याआधी, कारण प्लग काढला की कोड पुसला जातो. आणि हे कोड एका कंपनीचे दुसरीला चालत नाहीत. पाणी बाहेर जात नसेल तर एलजी OE म्हणते, सॅमसंग 5E किंवा 5C, आणि बॉश E18.

त्याहून मोठी चूक म्हणजे, कोडला तू निकाल समजतोस. बोर्डाला आतलं काही दिसत नसतं. IE चा अर्थ एवढाच की ठरावीक वेळात पाण्याची पातळी हवी तिथे पोचली नाही. का पोचली नाही, ते शोधणं बाकीच असतं. तुझं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, गच्चीवरची टाकी डोक्यावर जेमतेम तीन मीटर. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो दाब मिळतो, म्हणजे तुझ्या नळाला 0.3 किलो. बऱ्याच मशीनना किमान 0.5 किलो लागतो. पुस्तिकेत छापलेलं असतं, उघडलीस कधी? त्यात गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी ‘उशिरा व कमी दाबाने’. टाकी तळाला गेली की खालचा गाळ नळीत येतो आणि मशीनच्या तोंडाशी असलेल्या बारीक जाळीत अडकतो. तक्रार कोणत्या वारी सुरू झाली, हे सांगावंसं वाटलं नाही तुला?

आता मुकाट्याने कर. प्लग काढ, नळ बंद कर, मशीनकडची नळी सोड. नळीचं तोंड बादलीत धरून नळ उघड आणि दहा लिटर भरायला किती वेळ लागतो ते घड्याळात बघ. मग पक्कडीने जाळी अलगद ओढून काढ, जुन्या ब्रशने धू, परत बसव. नळीतलं वायसर विसरू नकोस, नाहीतर खालच्या मजल्यावरचे वर येतील. एवढ्यावर चालली तर प्रश्न मिटला. धार जोरात, जाळी स्वच्छ आणि तरी IE आलं, तर इनलेट व्हॉल्व्ह किंवा त्याची वायर. ते काम तुझं नाही, झाकण उघडू नकोस.

त्यानंतर फोन लाव आणि सांग: मॉडेल हे, सिरियल हा, सुरू केल्यावर काही मिनिटांनी IE येतं, पाणी पडल्याचा आवाज येत नाही, ड्रम मोकळा फिरतो, नळाला धार चांगली आहे, जाळी साफ केली आहे. सोबत दोन फोटो, पाटीचा आणि स्क्रीनचा. आणि त्याच मुलाला बोलाव. आधी त्याची माफी माग.